आठ टोले, नऊ पाकिटं

पहिला ड्राफ्ट मी घरी बसून एका रात्रीत लिहिला, आणि लिहून झाल्यावर माझेच डोळे भरून आले म्हणून मला वाटलं की जमलंय. एक म्हातारा घड्याळजी, दुकानाचा शेवटचा दिवस, अर्धं ओढलेलं शटर, आणि तो कॅमेऱ्याकडे बघून सांगतोय की 40 वर्षं कशी गेली, आधी लोक कसे यायचे, आता कसे येत नाहीत. नऊ मिनिटांची शॉर्टफिल्म, बोलणारा एकच माणूस, एकच टेक, मध्ये कट नाही. संहिता झाली 1350 शब्दांची.

ज्यांनी ते काम करायचं होतं ते आमच्या सांगलीतले जुने नट, वय 70 च्या पुढे, आयुष्यभर हौशी रंगभूमीवर काम केलेलं. त्यांनी कागद वाचले, चष्मा काढला आणि दोनच प्रश्न विचारले. हा बोलतोय कुणाशी? आणि आज, आत्ताच का बोलतोय?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रेक्षकांशी बोलतोय, असं मी म्हणालो. ते म्हणाले, प्रेक्षकांना तो ओळखत नाही. अनोळखी माणसाला कुणी आपली 40 वर्षं सांगत बसत नाही, आणि दुकानदार तर नाहीच नाही, तो समोरच्याला काय पाहिजे ते विचारतो. हे ऐकल्यावर मी ड्राफ्ट बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बसलो. पेठेतलं खरंखुरं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, 1984 साली सुरू झालेलं, जे 30 नोव्हेंबर 2024 ला बंद होणार होतं आणि जिथं त्यानंतर चार दिवसांत आम्हाला शूट उरकायचं होतं. दुकान म्हणजे सात फूट रुंद, अकरा फूट खोल, पुढे काचेचं शोकेस, त्याच्या मागे टेबल आणि टेबलावर खाली ओढलेला दिवा. काका (मी त्यांना काकाच म्हणतो, नाव इथं लिहीत नाही, त्यांनीच सांगितलंय नको म्हणून) मला एका स्टुलावर बसवून आपलं काम करत राहिले. मी तिथं तीन दिवस बसलो. त्या तीन दिवसांत ते दुकान बंद होण्याबद्दल एक वाक्यसुद्धा बोलले नाहीत, दिवसभर काम चालू होतं, कुणाचा सेल बदल, कुणाच्या चेनची एक कडी काढ, कुणाला सांग की हे मशीनच आता मिळत नाही. आणि मग तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खालच्या कप्प्यातनं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढला.

डब्यात पाकिटं होती, खाकी, छोटी, मेडिकलवाले गोळ्या देतात तसली. प्रत्येकात एक घड्याळ. दुरुस्तीला टाकलेली, दुरुस्त झालेली आणि कुणीच परत न नेलेली. पाकिटावर नंबर, नाव, काय बिघाड होता, किती पैसे, आणि काम पूर्ण झालं की खाली एक शब्द लिहायचा, "चालू". पावतीवर छापलेलं असायचंच की अमुक दिवसांत न नेल्यास आमची जबाबदारी नाही, पण काकांनी एकही विकलं नव्हतं की मोडून पार्ट काढले नव्हते. आणि जुनं घड्याळ मोडून पार्ट काढणं ही या धंद्यात काही साधी गोष्ट नाही. एचएमटीची जनता, पायलट ही चावीची घड्याळं एके काळी घरोघरी असायची, ती बनवणारी एचएमटीची घड्याळ कंपनी 2016 साली बंद झाली, त्यानंतर पार्ट म्हणजे दुसऱ्या घड्याळाच्या पोटातनं काढलेला पार्ट. डब्यात निदान पंचवीस-तीस जनता होत्या. म्हणजे काका पैशावर झाकण लावून बसले होते.

मी विचारलं, आता यांचं काय करणार? म्हणाले, शेजारच्या पोराकडं ठेवतोय, मोबाईल कव्हरचं दुकान आहे त्याचं, कुणी आलं शोधत तर देईल.

त्याच क्षणी मला संहिता मिळाली. मोठं काही सुचलं असं नाही, फक्त त्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली. तो बोलतोय शेजारच्या पोराशी. आणि आज बोलतोय कारण उद्या डबा सोपवायला तो इथं नसणार. म्हणजे हे मनोगत नाहीच, ही ताबा देताना दिलेली सूचना आहे, आणि सूचना देणाऱ्या माणसाला आपल्या भावना सांगायला वेळ नसतो, त्याला काम पुरं करायचं असतं. ते पोर फ्रेमच्या बाहेर उभं राहणार, एक शब्द बोलणार नाही. नव्या संहितेची सुरुवात अशी झाली:

"ये, आत ये. चप्पल राहू दे. हा डबा तुझ्याकडं ठेवायचा. नऊ आहेत. पावती दाखवली तर द्यायचं, नाही दाखवली तरी द्यायचं, फक्त पट्टा कसला होता ते विचारायचं. ज्याचं आहे त्याला पट्टा आठवतो. घड्याळ नाही आठवत."

हे पट्ट्याचं काकांकडूनच ऐकलेलं. घड्याळाची कंपनी, डायलचा रंग लोक चुकीचा सांगतात, पण पट्टा बरोबर सांगतात, कारण तो रोज हाताला लागलेला असतो.

आता शब्दांचा हिशेब. नुसतं बोलायचं असेल तर मराठीत मिनिटाला 120-130 शब्द सहज जातात, त्या मापानं माझा पहिला ड्राफ्ट दहा मिनिटांच्या पुढे जाणारच होता. पण हातात काम असलेला म्हातारा माणूस मिनिटाला 90 शब्दांच्या वर जात नाही, हे मी दुकानात मोबाईलवर वेळ लावून बघितलं. त्यात नऊ मिनिटांपैकी दोन मिनिटं तरी नुसत्या हाताच्या कामाला सोडायची. उरली सात. सात नव्वे 630. तिथं थांबायचं. 1350 वरून 630 वर येताना जे गेलं ते सगळं आठवणींचं होतं, आणि जे राहिलं त्यात नावं, रक्कम, बिघाड आणि पट्टे एवढंच. मला सुरुवातीला भीती वाटली की हे कोरडं होईल. मग हे वाक्य लिहिलं आणि भीती गेली:

"मास्तरांचं. जनता. 60 रुपये बाकी. मुलगा आला न्यायला तर पैसे घेऊ नको. मास्तर स्वतः आले तर घे. त्यांना फुकट चालत नाही."

एका टेकमध्ये क्लोजअप नसतो, ही गोष्ट लिहिताना सतत डोक्यात ठेवावी लागते. कट असलेल्या फिल्ममध्ये तुम्ही हातातलं घड्याळ मोठं करून दाखवता, मग परत चेहऱ्यावर येता. इथं कॅमेरा शोकेसच्या पलीकडे, आमच्या बाबतीत तर जागाच नसल्यामुळे जवळजवळ रस्त्यावर, आणि घड्याळ म्हणजे प्रेक्षकाला एक चकाकता ठिपका. ते काम शब्दांनी करायचं, पण वर्णन करून नाही, कारण हातात धरलेल्या वस्तूचं वर्णन कुणी करत नाही. वापरातनं सांगायचं. "काच बदलली, पण मागचा चरा तसाच ठेवला, बाई म्हणाल्या राहू द्या" एवढ्यानं ते घड्याळ दिसतं. ज्या पाकिटांत मला अशी वापरातली एकही गोष्ट सापडली नाही ती मी संहितेतनं काढूनच टाकली, आधी लिहिलेल्या 14 ची नऊ झाली.

नऊ पाकिटांचा दुसरा उपयोग नटाला. सलग नऊ मिनिटं पाठ म्हणायचं म्हणजे 70 वर्षांच्या माणसाला ओझंच. पण पाकिटांवर नाव आणि बिघाड लिहिलेला असतोच, तो दुकानदार वाचणारच, मग नटानंही वाचावं की. डब्यात पाकिटं क्रमानं लावली की तोच प्रॉम्प्टर झाला. (खऱ्या गिऱ्हाइकांची पाकिटं आम्ही कपाटात बंद ठेवली आणि त्याच कागदाची नवी पाकिटं करून खोटी नावं लिहिली. घड्याळं मात्र काकांनी डब्यातलीच दिली, हात लावायच्या आधी मला तीनदा बजावून.)

तरीही तालमीत एक घोटाळा झाला. तिसऱ्या पाकिटावरनं ते थेट सहाव्यावर जायचे, दोनदा तसंच झालं, आणि पाकीट हातात चौथं असताना तोंडात सहाव्याचं वाक्य. त्यांची चूक नव्हती, माझी होती. तिसऱ्याचा शेवट आणि पाचव्याचा शेवट मी एकाच वाक्यावर केला होता, "आलं तर द्यायचं." नाटकातल्या लोकांना हे चांगलं माहीत असतं, दोन ठिकाणी सारखं वाक्य आलं की जीभ एका रुळावरनं दुसऱ्या रुळावर जाते आणि माणसाला कळतही नाही. मग मी नऊही पाकिटांची सुरुवात आणि शेवट वेगवेगळ्या शब्दांवर केले, कुठं नाव आधी, कुठं रक्कम आधी, कुठं नुसताच "हं." त्यानंतर ती चूक परत झाली नाही. लिहिताना असं सारखेपण छान वाटतं, लय आल्यासारखं वाटतं. पण सलग एका टेकसाठी लिहायचं असेल तर ते टाळा.

आणि एक पाकीट मी कोरं ठेवलं. सातवं. त्यामागे खरी गोष्ट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं आणि पेठेतली दुकानं पाण्यात होती. काकांच्या दुकानातही पाणी शिरलं. भिंतीवर त्याची रेघ अजून आहे, माझ्या छातीएवढी, रंग दोनदा दिला तरी वर येते. डबा खालच्या कप्प्यात होता. पाणी ओसरल्यावर काकांनी सगळी घड्याळं उघडली, पेट्रोलमध्ये धुतली, वाळवली, ऑइलिंग केलं, दोन महिने ते हेच करत होते, आणि बहुतेक वाचली. पाकिटं मात्र भिजून एकमेकांना चिकटली आणि काहींवरची शाई गेली. वहीवरून त्यांनी पुष्कळशी नावं जुळवली, थोडी राहिलीच.

"याच्यावर नाव नाही. होतं. पुरात गेलं. घड्याळ चालतंय. कुणाचं ते... कापडी पट्टा होता. निळा. कुणी निळा म्हणालं तर देऊन टाक. आणखी काही विचारू नको."

या पाकिटावर नटाला वाचायला काहीच नव्हतं. बाकी आठ ठिकाणी आधार, इथं हात रिकामा. मला तेच पाहिजे होतं, की दुकानदार जिथं अडतो तिथंच नटही आधाराशिवाय उभा असावा. तालमीत ते तिथं प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी थांबायचे आणि मी ते कधीही पक्कं करू दिलं नाही.

काकांच्या हाताबद्दलही लिहायचं होतं. दुकान बंद करायचं खरं कारण तेच, हात थरथरतो. सेल बदलणं जमतं, पण केसासारखी बारीक स्प्रिंग चिमट्यानं धरून जागेवर बसवायची म्हणजे हात दगडासारखा लागतो. हे काका कुणाला सांगत नाहीत, मी दुसऱ्या दिवशी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. त्यामुळे संहितेत याबद्दल एक शब्दही नाही. फक्त पाचव्या पाकिटातल्या घड्याळाचं मागचं झाकण तो अंगठ्यानं दाबायला जातो, बसत नाही, परत दाबतो, बसत नाही, आणि मग बोलता बोलता, वाक्य न तोडता, ते घड्याळ फ्रेमबाहेर पुढे करतो. पोराचा हात आत येतो, घेतो, आवाज होतो टच्. पूर्ण फिल्ममध्ये त्या पोराचं तेवढंच दर्शन. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये या ठिकाणी "आता हातात पूर्वीची ताकद राहिली नाही रे" असं वाक्य होतं, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

आता घड्याळांचं. घड्याळाच्या दुकानात एक टेक म्हणजे वेळ कुणालाच चोरता येत नाही, भिंतीवर ती दिसत असते. बाकीची घड्याळं आम्ही बंद केली, आवाजासाठीही ते गरजेचंच होतं, कारण 20-25 घड्याळं एकत्र टिकटिकली की माईकवर ते पाऊस पडल्यासारखं ऐकू येतं आणि नंतर ते काढता येत नाही. चालू ठेवलं फक्त लंबकाचं एक मोठं घड्याळ, काकांनी दुकानाच्या मुहूर्ताला लावलेलं. ते तासाला तेवढे टोले देतं आणि अर्ध्या तासाला एक. मी ठरवलं की टेक 7 वाजून 54 मिनिटांनी सुरू करायचा आणि आठचे टोले बरोबर सहाव्या पाकिटानंतर, कोऱ्या पाकिटाच्या आधी पडले पाहिजेत. काका रोज आठच्या टोल्यांना मान वर न करता दिवा बंद करायचे, ते मला हवं होतं. आठ टोले म्हणजे साधारण पंधरा-सोळा सेकंद. तेवढा वेळ तो गप्प.

पण नटाची गती रोज बदलते, तालमीत सहाव्या पाकिटापर्यंत यायला कधी पावणेसहा मिनिटं तर कधी पाच. टोले तर थांबणार नाहीत. म्हणून मध्ये ताणता येईल अशी जागा पाहिजे होती आणि ती चावीनं दिली. चावीच्या घड्याळाला पूर्ण चावी द्यायला वीस-पंचवीस फेरे लागतात. दुकानदार प्रत्येक घड्याळ पाकिटात ठेवण्याआधी चावी देतो, एवढंच मी लिहिलं, किती फेरे ते लिहिलं नाही. नटानं भिंतीकडे बघायचं, वेळ जास्त असेल तर सहाव्या घड्याळाला निवांत चावी द्यायची, कमी असेल तर चार फेरे देऊन ठेवून द्यायचं. बघणाऱ्याला तो म्हातारा फक्त चावी देताना दिसतो. आणि उद्या दुकान नाही तर चावी कशाला, हा प्रश्न बघणाऱ्याच्या मनात आपोआप येतो, मला तो कुणाच्या तोंडी घालावा लागला नाही.

पहिली रात्र, 1 डिसेंबर. पहिला टेक फार चांगला झाला, टोले जागेवर पडले, सगळे खूश, आणि बघायला बसलो तर लंबकाच्या काचेत कॅमेरावाल्याचा पांढरा शर्ट स्पष्ट हलताना दिसत होता. काचेच्या दुकानात हे होणारच होतं, शोकेसच्या काचा आम्ही काढल्या होत्या, घड्याळाची विसरलो. घड्याळाच्या वरच्या कडेमागे पुठ्ठ्याची घडी सारून ते थोडं पुढे झुकवलं की प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या टप्प्यातनं निघून जातं, ते केलं. पण जास्त झुकवलं की लंबक पुढच्या काचेला घासतो, म्हणून आधी थोडं झुकवून टिकटिक दोन्ही बाजूंना सारखी येते का ते कान लावून ऐकलं. मग आमच्यातल्या एकानं काटे मागे फिरवून परत 7:54 ला आणले आणि दुसरा टेक सुरू केला.

सहावं पाकीट झालं. नट डबा सरकवून थांबले. घड्याळ खरखरलं आणि एक टोला पडला.

एकच.

त्यांनी दुसऱ्याची वाट बघितली, आम्ही सगळ्यांनी बघितली, तो आलाच नाही. त्यांनी मान वर करून भिंतीकडे बघितलं आणि तिथंच सगळं सुटलं.

काकांना फोन केला. ते पाच मिनिटांत आले, आणि काटे मागे फिरवले हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मला लाज वाटली. मग त्यांनी झाकण उघडून दाखवलं. टोल्यांचं एक वेगळं चाक असतं, त्याच्या कडेला खाचा, आणि दोन खाचांमधलं अंतर वाढत जाणारं, एकाला कमी, बाराला सगळ्यात जास्त. हे चाक काट्यांकडे बघत नाही. काटा त्याला फक्त आता वाजव एवढंच सांगतो, किती वाजवायचे ते चाक आपल्या क्रमानं ठरवतं. आठ वाजवून झालेत, पुढचा साडेआठचा एक, मग नऊ, मग एक, मग दहा. आपण काटे मागे आणले, चाक मागे आलंच नाही. त्याच्या दृष्टीनं आठ होऊन गेले होते. वर अशा घड्याळात काटे तासावरनं मागे नेले की आतली कळ अडकून तुटूही शकते, आपलं नशीब.

उपाय म्हणजे पुढे जायचं. म्हणजे साडेआठवर काटा न्यायचा, एक वाजू द्यायचा. नवावर न्यायचा, नऊ वाजू द्यायचे. घाई नाही करायची, टोले पुरे पडल्याशिवाय काटा हलवायचा नाही, असं करत करत परत पावणेआठला यायचं. बारा तासांत तासांचे 78 आणि अर्ध्या तासांचे 12 असे 90 टोले, त्यातले आठ वाजून गेलेत, उरले 82. शिवाय चाक एक टोला पुढे गेलं होतं, तो फरक काकांनी आधीच जुळवून घेतला. मग टोल्यांच्या बाजूची चावी पूर्ण भरली, कारण एवढे टोले एकदम दिले की ती स्प्रिंग दमते आणि टोले मंद पडतात. त्या अर्ध्या रात्री बंद पेठेत आम्ही पाच-सहा जण उभे, आणि ते एकेक तास मोजत पुढे नेतायत. कुणी बोलत नव्हतं. 82 टोले. मी मनातल्या मनात मोजले.

त्या रात्री पुढं टेक केला नाही, नटांचा आवाज बसला होता. दुसऱ्या रात्री, 2 तारखेला, एकच टेक झाला आणि तोच फिल्ममध्ये आहे. टोले पडत असताना त्यांनी दिवा बंद केला, मान वर केली नाही. सातव्या पाकिटाशी ते तालमीत कधी थांबले नव्हते एवढे थांबले, माझ्या घड्याळाप्रमाणे 11 सेकंद. मला वाटलं विसरले. मग त्यांनी पाकीट उलटं करून मागची बाजू बघितली, तिथं काही लिहिलंय का म्हणून, हे संहितेत नव्हतं, आणि मग म्हणाले, "निळा."

दुकान बंद होतंय याबद्दल संहितेत एकच जागा आहे, अगदी शेवटी. डबा देऊन झालाय, पोर फ्रेमबाहेरच शटरकडे हात नेतं, आणि तो म्हणतो:

"शटर मी ओढतो. डावीकडनं अडकतंय ते, जरा उचलून घ्यावं लागतं, मग... हे आता तुला सांगून काय उपयोग."

चावी दिलेलं जुनं घड्याळ तीस-पस्तीस तास चालतं. शूट झाल्यावर आम्ही घड्याळं तशीच त्यांच्या खऱ्या पाकिटांत घालून डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. 4 तारखेला सकाळी सातला काका जागेची किल्ली द्यायला आले, मीही गेलो होतो. रिकामं दुकान, भिंतीवर पुराची रेघ, लंबकाच्या घड्याळाच्या जागी एक पांढरा चौकोन. शेजारचं पोर डबा न्यायला उभं होतं. काकांनी डबा लगेच दिला नाही, उचलून कानाला लावला. मग झाकण उघडून पाकिटं एकेक करत कानाशी नेली, चौथ्याला थांबले. ते अजून चालू होतं. त्यांनी ते बाहेर काढलं, वेळ बघितली, आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळवून काटा जरासा पुढे केला, चावी दिली आणि परत पाकिटात ठेवून डबा त्याच्या हातात दिला.

"पट्टा विचारायचा," म्हणाले.